माल एक, बोलणं तीन : मसाल्याची एकच बातमी इन्स्टाग्राम, लिंक्डइन आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर कशी लिहायची

आम्ही नवी मुंबईतून बोलतोय. बेलापूरजवळच्या एका गावठाणात आमचा बचत गट आहे. दर उन्हाळ्यात आम्ही आगरी-कोळी मसाला करतो. आज मसाला कसा करायचा ते सांगणार नाही, तो तुम्हा सगळ्यांना आपापल्या पद्धतीनं येतोच. मसाला तयार झाल्यावर त्याची बातमी फोनवर कशी लिहायची, ते सांगणार आहोत. कारण या लिहिण्यात आम्ही एका वर्षी चांगलाच मार खाल्ला आहे.

आधी एक ओळखीचं चित्र डोळ्यासमोर आणा. मासळी बाजारात कोळीणमावशी पाटी मांडून बसलेली आहे. नेहमीची गिऱ्हाईक वहिनी आली की मावशी म्हणते, “वहिनी, तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय बघा.” एवढं पुरतं. नवीन बाई आली की तिला मावशी माशाचा कल्ला उघडून दाखवते, लाल आहे म्हणजे ताजा आहे हे सांगते, कालवण करायचं की तळायचं ते विचारते. आणि खाणावळवाला आला की त्याला कल्ला दाखवत बसत नाही. त्याला सांगते, रोज किती देईन, कोणत्या वेळेला देईन, भाव काय लावेन. पाटीतली मासळी तीच असते, फक्त माणूस बदलला की बोलणं बदलतं.

फोनवर लिहिताना नेमकं हेच करायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस म्हणजे आपली नेहमीची वहिनी. इन्स्टाग्राम म्हणजे पहिल्यांदा आलेली नवीन बाई. आणि लिंक्डइन म्हणजे खाणावळवाला. लिंक्डइन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं नसेल. नोकरी-धंद्यातली माणसं एकमेकांना कामापुरती ओळखतात, तशी ती तिथे जमलेली असतात. आमच्याकडे ऐरोली, महापे, बेलापूर इथल्या कार्यालयांतली कितीतरी माणसं तिथे आहेत.

पहिल्या वर्षी काय झालं

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही गटाच्या अंतर्गत कर्जातून मिरची घेतली, चाळीस किलो मसाला केला आणि एक मजकूर लिहिला. त्याची सुरुवात अशी होती: “सर्व ग्राहकांना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, आमच्या महिला बचत गटाने मोठ्या परिश्रमाने पारंपरिक पद्धतीने...” असा चौदा ओळींचा मजकूर. तोच उचलून तिन्ही ठिकाणी चिकटवला. वाटलं, झालं काम.

व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या ओळखीच्या बायांनी स्टेटस पाहिलं आणि अंगठ्यानं पुढे सरकवलं. फोटोखाली पहिल्या दोन-तीन ओळीच दिसत होत्या आणि त्यात आमचा आनंदच होता, मसाला नव्हता. इन्स्टाग्रामवर लोकांनी हृदयाची खूण दिली, पण पाच जणींनी विचारलं, “किंमत?” किंमत बाराव्या ओळीत होती. लिंक्डइनवर एका कार्यालयाच्या कँटीनचं काम बघणाऱ्या साहेबांनी विचारलं, “महिन्याला किती देऊ शकाल? बिल मिळेल का?” आमच्याकडे उत्तर तयार नव्हतं. बैठक घेऊन, हिशोब करून उत्तर द्यायला चार दिवस लागले. तोवर त्यांनी दुसरीकडे व्यवहार केला होता.

पाऊस सुरू झाला तेव्हा आमच्याकडे चौदा किलो मसाला पडून होता. पावसाळी हवेत मसाला ओल धरतो, त्याचा वास उतरतो. तो शेवटी स्वस्तात दिला आणि कर्जाचा हप्ता आम्ही आमच्या बचतीतून भरला. मसाल्यात खोट नव्हती, आमच्या लिहिण्यात होती.

आधी कच्चा कागद

दुसऱ्या वर्षी आम्ही फोन हातात घेण्याआधी वही घेतली. एका पानावर फक्त खऱ्या गोष्टी लिहिल्या. सजावट काही नाही. या पानाला आम्ही कच्चा कागद म्हणतो. २०२५ चा आमचा कागद असा होता:

वस्तू: आगरी-कोळी मसाला. मिरची उन्हात वाळवलेली, डंखावर कुटलेला, रंग घातलेला नाही.
वजन आणि किंमत: २०० ग्रॅम १८० रुपये, ५०० ग्रॅम ४३० रुपये.
पहिली खेप: ४० किलो. म्हणजे २०० ग्रॅमची १२० पाकिटं आणि ५०० ग्रॅमची ३२.
ऑर्डर कधीपर्यंत: शुक्रवार, २५ एप्रिल २०२५, रात्री ९.
कुठे मिळेल: रविवार, २७ एप्रिल, सकाळी १० ते १२, वाशी स्टेशनच्या बाहेर. बाहेरगावी कुरिअरनं, खर्च वेगळा.
कागदपत्रं: अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर आहे. जीएसटी नोंदणी नाही, साधं बिल देतो.
जास्तीत जास्त किती: महिन्याला २५ किलो, दहा दिवस आधी सांगितलं तर.
संपर्क: गटाचा एकच फोन क्रमांक.

हा कागद बैठकीत मोठ्यानं वाचला. सगळ्यांनी मान डोलावली की मगच पुढे. यातला शेवटून दुसरा मुद्दा, जास्तीत जास्त किती देऊ शकतो, तो लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. कुणी पन्नास म्हणालं, कुणी पंधरा. शेवटी किती जणी रोज किती तास बसू शकतात ते मोजलं आणि पंचवीस ठरले. पहिल्या वर्षी त्या साहेबांना जे उत्तर देता आलं नव्हतं, ते आता कागदावर होतं.

आता या एका कागदातून तीन बोलणी काढायची. तिन्ही ठिकाणी सगळं सांगायचं नाही. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला कागदावरच्या कोणत्या गोष्टी आधीच माहीत आहेत आणि कोणत्या नाहीत, हे बघून निवड करायची.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस : ओळखीच्या वहिनीला

स्टेटस चोवीस तास राहतं आणि आपोआप जातं. ते कुणाला दिसतं? ज्यांचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह आहे आणि ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे, अशांनाच. दोन्ही बाजूंनी ओळख हवी. म्हणजे स्टेटस बघणारी व्यक्ती आपल्याला ओळखते. आपण कोण, बचत गट म्हणजे काय, मसाला चांगला असतो का, हे तिला सांगावं लागत नाही. तिला हवं असतं एवढंच: आला का, केवढ्याला, कधीपर्यंत सांगू, कुठे घेऊ.

आम्ही भरलेल्या पाकिटाचा उभा फोटो घेतला आणि त्याखाली हे लिहिलं:

“मसाला आला! यंदाचा आगरी-कोळी मसाला तयार आहे. २०० ग्रॅम १८० रु., ५०० ग्रॅम ४३० रु. किती पाकिटं ते इथेच उत्तरात लिहा, शुक्रवार २५ एप्रिल रात्री ९ पर्यंत. रविवारी २७ तारखेला सकाळी १० ते १२ वाशी स्टेशनला देऊ.”

एवढंच. यात फोन नंबर नाही, कारण स्टेटसला दिलेलं उत्तर थेट आपल्याच गप्पांच्या खिडकीत येतं. डंख नाही, संकेश्वरी मिरची नाही, बचत गटाची कहाणी नाही. आमच्या गटातल्या एका काकूंना हे फार कोरडं वाटलं. त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही शेजारणीला दारातून हाक मारून सांगता तेव्हा एवढंच सांगता ना? त्या हसल्या.

इथे एक चूक हमखास होते. आपण लिहितो, “उद्या शेवटचा दिवस.” रात्री नऊला टाकलेलं स्टेटस कुणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते. तिच्या हिशोबानं उद्या म्हणजे परवा. ती परवा ऑर्डर देते आणि आपण तिला नाही म्हणतो. म्हणून आज, उद्या, परवा हे शब्द लिहायचे नाहीत. वार आणि तारीख लिहायची.

दुसरी अडचण आमच्या उशिरा लक्षात आली. आमच्या फोनमध्ये चारशेच्या वर गिऱ्हाइकांचे नंबर होते, पण स्टेटस पाहणाऱ्यांची यादी उघडली तर सत्तरसुद्धा नावं नव्हती. काही जण वाचल्याची खूण बंद ठेवतात, त्यांची नावं यादीत येत नाहीत हे खरं. पण मोठं कारण वेगळं होतं. आम्ही त्यांचे नंबर घेतले होते, त्यांनी आमचा नंबर ठेवलाच नव्हता. तेव्हापासून पाकीट हातात देताना आम्ही म्हणतो, “ताई, हा नंबर आत्ताच सेव्ह करा, पुढच्या वेळी स्टेटसवर कळेल.” त्यांच्याच समोर एक मिस्ड कॉल देतो. स्टेटसची खरी मेहनत लिहिण्यात कमी आणि या नंबरात जास्त आहे.

आणि एकच स्टेटस टाकून थांबायचं नाही. बुधवारी टाकलं, शुक्रवारी सकाळी पुन्हा टाकलं. दुसऱ्या वेळी फक्त एक ओळ वाढवली: “५०० ग्रॅमची ९ पाकिटं उरली.” हा आकडा वहीत बघूनच लिहायचा. ओळखीच्या माणसाला “फक्त थोडीच शिल्लक” असं खोटं सांगितलं आणि तिनं रविवारी येऊन पिशवीभर पाकिटं पाहिली, तर पुढच्या वर्षी ती आपल्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

इन्स्टाग्राम : पहिल्यांदा आलेल्या बाईला

इन्स्टाग्रामवर बघणारी व्यक्ती आपल्याला ओळखत नाही. ती पुण्यात असेल, नागपुरात असेल, कदाचित आगरी मसाला हे नावही तिनं ऐकलं नसेल. ती मसाला शोधायला आलेली नसते, फोटो बघत बघत आपल्यापाशी पोचलेली असते. म्हणून तिला आधी थांबवायचं, मग ओळख द्यायची, मग भाव.

इथे मजकूर बराच लांब लिहिता येतो, दोन हजार दोनशे अक्षरांपर्यंत. पण फोटोखाली न उघडता दिसते ती फक्त सुरुवात, साधारण सव्वाशे अक्षरं. पुढचं वाचायला दाबावं लागतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात, त्यामुळे आपल्याला पंधरा शब्दांच्या आत पहिली गोष्ट सांगून संपवावी लागते. “कळविण्यास आनंद होत आहे” यातच आमचे पंधरा शब्द गेले होते, ते आता कळलं.

आम्ही मिरच्या उन्हात पसरल्या असतानाचा फोटो घेतला, त्यात आमच्या दोघींचे हातही दिसत होते. आणि लिहिलं:

“बोंबलाचं कालवण आईसारखं होत नाही? एकदा या मसाल्यात करून बघा.

हा आगरी-कोळी मसाला. नवी मुंबईच्या गावठाणातल्या घरांत वर्षभराचा एकदाच करतात, तो. यात रंगाला बेडगी मिरची आणि तिखटाला संकेश्वरी. मिरची वाशीच्या मसाला बाजारातून आणली, देठं हातानं काढली, कडक उन्हात वाळवली. धने आणि गरम मसाले वेगवेगळे भाजले, मग सगळं डंखावर कुटलं. रंग घातलेला नाही.

कसा वापरायचा: चार माणसांच्या कालवणाला दोन चहाचे चमचे. मटणाला, वालाच्या बिरड्यालाही चालतो. तिखट आहे, पहिल्यांदा बेतानं घाला.

२०० ग्रॅम १८० रुपये, ५०० ग्रॅम ४३० रुपये. बाहेरगावी कुरिअरनं पाठवतो, त्याचा खर्च वेगळा. पहिल्या खेपेची ऑर्डर २५ एप्रिल २०२५, रात्री ९ पर्यंत. आम्हाला ‘मसाला’ एवढा एक शब्द मेसेज करा, बाकी आम्ही विचारू.

#आगरीमसाला #agrimasala #navimumbai”

यातली एकेक गोष्ट का आहे ते सांगतो. पहिली ओळ मसाल्याबद्दल नाही, बघणारीच्या स्वयंपाकघराबद्दल आहे. दुसऱ्या भागात आम्ही “शुद्ध”, “उत्कृष्ट”, “अस्सल” असे शब्द घातले नाहीत. तसे शब्द कुणीही लिहू शकतं. त्याऐवजी आम्ही काय केलं ते सांगितलं. देठं हातानं काढली हे वाचून अनोळखी बाईला जे कळतं, ते “शुद्ध” या शब्दातून कळत नाही. कोळीणमावशी कल्ला उघडून दाखवते, तसंच हे. “तिखट आहे” हेही स्पष्ट लिहिलं. नाहीतर अनोळखी गिऱ्हाईक घरी नेऊन भसकन चार चमचे घालतं आणि दोष आपल्याला देतं.

तिसरी गोष्ट मेसेजची. इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंक लिहिली तर ती दाबून उघडत नाही. पहिल्या वर्षी आम्ही तिथे लिंक लिहिली होती आणि लोक बोट दाबून कंटाळले. लिंक आपल्या खात्याच्या माहितीच्या जागी, नावाखाली, ठेवायची. तिथे ठेवली की ती चालते. थेट व्हॉट्सअ‍ॅपवर नेणारी लिंक अशी असते, शून्यांच्या जागी आपला दहा आकडी नंबर घालायचा:

```
https://wa.me/910000000000
```

पुढचे ९१ भारताचे आहेत, ते गाळायचे नाहीत आणि अधिकचं चिन्ह किंवा मोकळी जागा सोडायची नाही. लिंक ठेवली की दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून एकदा दाबून बघा. आमच्या एका ताईंनी एक आकडा चुकवला होता आणि दोन दिवस ऑर्डरी भलत्याच माणसाकडे जात होत्या. तो बिचारा वैतागला होता.

हॅशटॅग म्हणजे ती फुलीसारखी खूण लावून लिहिलेले शब्द. ते ढीगभर लावू नका. लोक ज्या शब्दानं मसाला शोधतील असे तीनच घ्या. मराठी बोलणाऱ्या मुलीसुद्धा शोधताना इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून एक-दोन तसे ठेवा.

एका ताईंची इच्छा होती की “सर्दी-खोकल्यावर गुणकारी” असं लिहावं. मसाल्यात लवंग, दालचिनी, मिरी आहे हे खरं. पण खाण्याची वस्तू अमुक आजार बरा करते असं जाहिरातीत लिहायला अन्न सुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. फोनवरचा मजकूर हीसुद्धा जाहिरातच आहे. त्यामुळे ती ओळ आम्ही काढली.

लिंक्डइन : खाणावळवाल्याला

लिंक्डइनवरचा माणूस कामाच्या डोक्यानं वाचतो. त्याला कालवणाची आठवण करून देऊन उपयोग नाही. त्याच्या मनात चार प्रश्न असतात. हे नियमित देऊ शकतील का, किती देतील, कागद नीट आहेत का आणि बोलायचं कुणाशी. इथेही सुरुवातीच्या तीनेक ओळीच उघड्या दिसतात, म्हणून पहिल्याच ओळीत त्याचं काम सांगायचं.

आम्ही पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो लावला, मागच्या बाजूला वजन, किंमत, तारीख आणि नोंदणी क्रमांक दिसेल असा. मजकूर असा होता:

“नवी मुंबईतल्या कार्यालयांच्या कँटीनसाठी आणि सणाच्या भेटींसाठी आगरी-कोळी मसाला: महिन्याला २५ किलोपर्यंत देऊ शकतो.

आम्ही बेलापूर भागातला महिला बचत गट आहोत. या एप्रिलमध्ये ४० किलोची पहिली खेप तयार केली आहे. २०० ग्रॅम १८० रुपये, ५०० ग्रॅम ४३० रुपये. पाकिटावर अन्न नोंदणी क्रमांक, वजन आणि तारीख छापलेली आहे. आमची जीएसटी नोंदणी नाही, साधं बिल देतो.

मोठ्या ऑर्डरसाठी दहा दिवस आधी कळवावं. कँटीनमध्ये करून बघायला २०० ग्रॅमचा नमुना आणून देऊ. संपर्क: गटाच्या समन्वयक, खालील क्रमांकावर, सोमवार ते शनिवार, दुपारी २ ते ५.”

खाली दोन ओळी इंग्रजीत जोडल्या, कारण कार्यालयात सगळेच मराठी वाचणारे नसतात. त्या दोन ओळी गटातल्या एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून तपासून घेतल्या.

जीएसटी नोंदणी नाही हे उघड लिहावं का, यावर आमच्यात वाद झाला. काहींना वाटलं, गिऱ्हाईक पळेल. पळेलही. पण ज्या कार्यालयाला जीएसटीचं बिल लागतंच, ते बिल मागताना पळणारच आहे. मग आपण नमुना घेऊन रिक्षाचे पैसे घालून जायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि शेवटी नाही ऐकायचं, यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

आणखी एक, वेळ लिहिली ती पाळायची. दोन ते पाच या वेळात फोन ज्या ताईंकडे असतो, त्यांच्याजवळ कच्चा कागदही असतो. कुणी विचारलं की त्या कागद बघून उत्तर देतात, “विचारून सांगते” म्हणत नाहीत. त्या वर्षी एका कँटीनला नमुना दिला आणि महिन्याला पाच किलोचं काम मिळालं. मोठं नाही, पण पावसाळ्यातही चालू राहिलं.

तुम्ही महिन्याला ठरलेला माल देऊ शकत नसाल, तर लिंक्डइनवर लिहूच नका. एकेक पाकीट विकायची ती जागा नाही. आमची बहुतेक पाकिटं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ओळखीतून गेली. एकच जागा सांभाळायची ताकद असेल तर ती व्हॉट्सअ‍ॅपला द्या.

काय बदलायचं, काय नाही

तिन्ही मजकूर पुन्हा शेजारी ठेवून बघा. सुरुवात वेगळी, फोटो वेगळा, शेवटी काय करायला सांगितलं ते वेगळं. एकीकडे उत्तर लिहा, एकीकडे एक शब्द मेसेज करा, एकीकडे फोन करा. पण किंमत आणि वजन तिन्हीकडे सारखंच आहे, आणि ऑर्डरची तारीख स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर सारखीच आहे. हे आपोआप होत नाही. टाकण्याआधी एक जण कच्चा कागद धरून बसते, दुसरी फोनवरचा मजकूर मोठ्यानं वाचते आणि पहिली पेन्सिलनं खुणा करते. एकदा इन्स्टाग्रामवर १८० आणि स्टेटसवर १७० गेलं होतं. एका बाईनं दोन्ही पाहिले आणि रविवारी वाशी स्टेशनला सगळ्यांसमोर विचारलं, खरा भाव कुठला? दहा रुपयांचा प्रश्न नव्हता, पण रांगेतल्या चार जणी वळून आमच्याकडे बघू लागल्या.

शेवटची गोष्ट म्हणजे जुने मजकूर. स्टेटस एका दिवसात जातं. इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनवरचं लिहिलेलं महिनोन्‌महिने तसंच राहतं. २०२४ च्या एप्रिलमधला आमचा मजकूर वाचून ऐरोलीच्या एका ताईंनी ऑगस्टमध्ये पैसेच पाठवून दिले होते. मसाला संपलेला, पैसे परत करायचे, त्यांची माफी मागायची. म्हणून आता खेप संपली त्याच संध्याकाळी आम्ही दोन्ही ठिकाणी मजकुरात जाऊन अगदी वर लिहितो: “ही खेप संपली. पुढची खेप पुढच्या एप्रिलमध्ये.” मजकूर पुसायची गरज नसते, टाकलेला मजकूर बदलता येतो. स्टेटसवर मात्र चूक झाली तर ते काढून नव्यानं टाकावं लागतं.

आणि आपलं लिहिणं जमलं की नाही, हे ओळखायची आमची एक साधी खूण आहे. लोक काय विचारतात ते वहीत लिहायचं. तिघींनी तोच प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर मजकुरात नाही किंवा खूप खाली आहे. पहिल्या वर्षी “किंमत?” असं पाच जणींनी विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी कुणीच विचारलं नाही. पण “लसूण आहे का यात?” असं चार जणींनी विचारलं. कांदा-लसूण न खाणारी घरं आमच्या ध्यानातच नव्हती. आमच्या मसाल्यात लसूण नसतो. ती ओळ त्याच दिवशी इन्स्टाग्रामच्या मजकुरात घातली आणि कच्च्या कागदावरही चढवली.

तुमचे पापड असतील, हातसडीचा तांदूळ असेल, काजू असतील. येत्या बैठकीत एक पान काढा आणि आधी कच्चा कागद लिहा. मग गटातल्या तिघींना समोर बसवा. एकीला शेजारीण करा, एकीला परगावची अनोळखी बाई, एकीला खाणावळवाला. तिघींना तुमची बातमी तोंडानं सांगा आणि चौथीनं ते बोलणं जसंच्या तसं लिहून घ्यावं. तुमचे तीन मजकूर त्यातच असतील.